आपली पुरानी चुंगी

जयपूरला आम्ही राहायला गेलो तेव्हा बाबांनी पहिल्याच आठवड्यात शहराबद्दल मत बनवलं आणि पुढची सहा वर्षं ते अजिबात बदललं नाही. मत असं होतं, की या शहरात रस्ते उत्तम आहेत, माणसं गोड आहेत, पण बसथांब्यांना नावं ठेवणाऱ्या माणसाला कामावरून काढून टाकायला हवं. असा कुणी माणूस नाही, हे त्यांना पटत नसे. बाबा विमा कंपनीत अधिकारी होते. त्यांच्या हापिसात खिळा ठोकायलाही कुणाची तरी सही लागायची, तेव्हा थांब्यांना नावं आपोआप पडतात ही गोष्ट त्यांच्या पचनी पडणं कठीणच होतं.

पण नावं आपोआपच पडत. जिथे कधी काळी रेल्वेचं फाटक होतं तो थांबा फाटक. जिथे ओढ्यावर पूल होता ती पुलिया. मग ओढा बुजो, पूल मोडो, वरून डांबर होवो, कंडक्टर ओरडणार पुलियाच. आमच्या घराजवळचा थांबा होता पुरानी चुंगी. चुंगी म्हणजे जकात. शहरात येणाऱ्या मालावर जकात घ्यायचं नाकं पूर्वी तिथे होतं. शहर पसरलं तसं नाकं अजमेर रोडनं आणखी बाहेर सरकलं, आणि मागे एक बंद खोली, एक मोडका बांबू आणि नाव एवढंच उरलं. आम्ही तिथून भाजी आणायचो, तिथेच बस पकडायचो, पत्त्यावरही तेच लिहायचो. घरात त्याला 'आपली चुंगी' म्हणत.

बाबांचा दुसरा ठाम विचार म्हणजे रस्ता कुणाला विचारायचा नाही. नकाशा बघावा, पाट्या वाचाव्यात, डोकं चालवावं. विचारणं म्हणजे आपण परके आहोत हे जाहीर करणं, असं त्यांना वाटे. आता आमचे बाबा, डोक्यावर उन्हाची टोपी, खांद्याला शबनम आणि तोंडात 'हमको उधर जाने का है' असलं हिंदी. ते परके आहेत हे रस्त्यावरच्या गाईलाही कळत असणार. तरी विचारायचं नाही. एका बाजूने त्यांचं बरोबरही होतं म्हणा. जयपूरचा माणूस 'माहीत नाही' असं कधी म्हणत नाही, त्याला ते उद्धटपणाचं वाटतं. ठाऊक नसलं तरी तो हात वर करून प्रेमाने कुठलीतरी दिशा दाखवतो, आणि आपण त्या दिशेला लागेपर्यंत मागे उभा राहून बघतोही.

आईचं तंत्र वेगळं होतं. ती भाजीवालीला, दूधवाल्याला, रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईला विचारायची, आणि थांबा कुठे हे विचारायचीच नाही. 'तुम्ही कुठे उतरणार?' असं विचारायची. माणूस दुसऱ्याला चुकीचा रस्ता सांगेल, पण स्वतः कुठे उतरतो ते चुकीचं सांगणार नाही, असा तिचा हिशोब. बाबा याला 'बायकी पद्धत' म्हणत.

ही आई बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला बसली होती. लग्नाआधी दोन वर्षं झालेली, मग मी, मग बदल्या. राजस्थानात अशा घरी बसून शिकणाऱ्यांना स्वयंपाठी म्हणतात. कॉलेज नाही, तास नाही, फक्त फॉर्म भरायचा, पुस्तकं आणायची आणि उन्हाळ्यात परीक्षा द्यायची. आई दुपारी जेवणं आटोपली की ओट्याला टेकून उभ्या उभ्या वाचायची, कारण बसली की झोप येते. तिला पुढे बी.एड. करायचं होतं आणि शाळेत शिकवायचं होतं. ज्या कॉलेजात तिला जायचं होतं तिथे बी.ए.ला सेकंड डिव्हिजन असल्याशिवाय अर्जही घेत नसत. म्हणून नुसतं पास होऊन तिचं भागणार नव्हतं. हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. माझं वय तेव्हा अकरा, आणि मी तिची राज्यशास्त्राची प्रश्नोत्तरं म्हणून घेत असे.

पोस्टाने प्रवेशपत्र आलं. त्यावर परीक्षाकेंद्र छापलेलं होतं: राजकीय विद्यालय, पुरानी चुंगी, जयपूर. राजकीय म्हणजे तिकडे सरकारी. बाबा इतके खूष झाले की त्यांनी ते कार्ड मला मोठ्याने वाचायला लावलं.

"बघ," ते आईला म्हणाले, "लोकांना सेंटर कुठल्या कुठे येतात. तुला आपल्या चुंगीवर!"

आई कार्ड उलटसुलट करून बघत होती. "अहो, दूधवाला म्हणत होता की आग्रा रोडलाही एक पुरानी चुंगी आहे."

"दूधवाला!"

"चौकशी करून टाकू या ना एकदा."

"अगं, आग्रा रोडची असती तर आग्रा रोड लिहिलं असतं. विद्यापीठ आहे ते, दूधवाला नाही."

वाद इथे संपला. मला आज वाटतं, ते कार्ड टाइप करणारा कारकून आग्रा रोडलाच राहत असणार. त्याच्याही घरी ते 'आपली चुंगी'च म्हणत असतील. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर जुनं जकात नाकं असायचंच, म्हणून त्या नावाचे थांबेही असायचे, आणि प्रत्येक थांब्याच्या आसपास राहणाऱ्यांना तो एकुलता एकच वाटायचा.

परीक्षेच्या आदल्या रविवारी बाबांनी रंगीत तालीम घेतली. आमच्याकडे स्कूटर नव्हती, नाव नोंदवून वर्षं लोटली होती. आम्ही तिघं चालत निघालो. बाबांनी पावलं मोजली. चुंगीच्या मागच्या गल्लीत खरंच एक सरकारी शाळा होती. पाटीचा अर्धा रंग उडाला होता, 'राजकीय' तेवढं ठळक दिसत होतं. फाटकाला कुलूप होतं, पण रविवारी शाळेला कुलूप असतंच. बाबांनी पाटीकडे बोट दाखवलं आणि आईकडे बघून भुवया उंचावल्या. शेजारी एक म्हातारा खाटेवर बसून विडी ओढत होता. त्याला विचारायला आई वळली, तेव्हा बाबा म्हणाले, "पाटी वाचता येते ना आपल्याला?" म्हातारा आमच्याकडे बघून हसला. त्याला काय ठाऊक होतं ते आम्हाला त्या दिवशी समजलं नाही.

पेपर सोमवारी सकाळी सातला. उन्हाळ्यात तिकडे परीक्षा सकाळीच असतात. साडेसातनंतर कुणालाही आत सोडत नाहीत, हे कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं. पहिलाच पेपर राज्यशास्त्राचा. आईने इस्त्रीची सुती साडी नेसली, दोन पेनं आणि पाण्याची बाटली घेतली. कार्ड बाबांच्या फाइलीत होतं, कारण महत्त्वाचा कागद फाइलीत असतो. मला सोबत घेतलं ते नंतर बाबा परस्पर हापिसला जाणार म्हणून. आईला परत आणायला मी.

सहा वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही शाळेच्या दारात होतो. कुलूप तसंच होतं.

"लवकर आलोय," बाबा म्हणाले.

आमच्याखेरीज तिथे दोनच माणसं होती. एक पांढरा साफा बांधलेले वयस्क गृहस्थ, आणि त्यांच्यापासून चार हात मागे, गुडघ्यापर्यंत घुंगट ओढलेली एक बाई. घुंगटाखालून पायातली पैंजणं आणि हातातली राज्यशास्त्राची गाइड तेवढी दिसत होती. ती त्यांची सून होती, परीक्षेला आलेली. ते सासरे तिला घेऊन आले होते. सुनेला शिकवणारा सासरा म्हणून त्यांना स्वतःचा अभिमान होता, आणि त्यांनी तो दोन मिनिटांत बाबांना सांगूनही टाकला.

"सेंटर यही है ना जी?" त्यांनी विचारलं.

"हाँ हाँ, यहीच है. मैं परसों आके देख के गया," बाबा म्हणाले. 'परसों' चुकलं होतं, कालच बघून गेले होते, पण ते राहू द्या.

"आपने देख लिया तो फिर ठीक ही होगा."

"आप भी आ गए मतलब पक्का है."

अशा रीतीने दोन शहाण्या माणसांनी एकमेकांच्या भरवशावर एका बंद शाळेला परीक्षाकेंद्राची मान्यता दिली. बाबांना रस्ता विचारायला आवडत नव्हतं, पण कुणी त्यांना विचारलेलं मात्र फार आवडायचं. त्यांचा चेहरा फुलला होता. साडेसहा झाले. ते दोघं आता विद्यापीठाच्या गलथानपणाबद्दल बोलायला लागले, की अजून कुलूप काढलं नाही म्हणजे काय.

आई गल्लीच्या दोन्ही टोकांना बघत होती. त्या दोघींखेरीज तिथे एकही परीक्षार्थी नव्हता. मग मी बघितलं, की ती घुंगटवाली बाई हळूहळू सरकत आमच्या बाजूला येतेय. सासऱ्यांच्या पाठीमागे आली तशी तिने आईचा पदर धरून ओढला आणि अगदी दबक्या आवाजात म्हणाली,

"बहनजी, म्हारी ननद को सेंटर भी पिछले साल यो ही आयो छो. आगरा रोड की चुंगी छै. या कोनी."

आईने तिच्याकडे बघितलं. "तो फिर उनको बोला क्यों नहीं?"

घुंगट थोडं हललं. "ससुरजी छै नी."

तिच्या घरी सून सासऱ्यांशी बोलत नाही, त्यांच्यासमोर आवाजही काढत नाही. तिला सगळं माहीत होतं. आदल्या वर्षी नणंदेचा पेपर इथे नव्हे, आग्रा रोडच्या चुंगीवर झाला होता, घरातल्या बायकांना ते ठाऊक होतं, आणि सासरे सुनेला शिकवण्याच्या उत्साहात पुढे आणि सून मागे अशी ती दोघं अर्धा मैल चुकीच्या दिशेने चालत आली होती. ती वाटेत तोंड उघडती तर बेअदबी झाली असती. आमच्याकडे असली काही चाल नव्हती. आमच्याकडे आई बोलू शकत होती, ती बोललीही होती, आणि त्या दोघी आता एकाच कुलपासमोर उभ्या होत्या.

"अहो," आई म्हणाली, "सेंटर आग्रा रोडला आहे. कार्ड द्या."

"कोण म्हणतं?"

"ही म्हणते."

बाबांनी घुंगटाकडे बघितलं. दूधवाल्यानंतर आता ही. "थांब जरा. मी विचार करतोय," ते म्हणाले, आणि फाइल उघडून कार्ड पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले, जणू आता त्यात दुसरं काही छापून आलं असेल. साफेवाले गृहस्थही त्यात डोकावले. दोघांत चर्चा सुरू झाली. आग्रा रोडला चुंगी असेल, पण ती 'पुरानी' म्हणता येईल का, हा मुद्दा निघाला. बाबांचं म्हणणं, जुनी कुठली हे नगरपालिकेत नोंद बघून ठरवायला हवं. साफेवाल्यांच्या मते त्यांच्या आजोबांच्या काळापासून जुनी हीच.

आईने फाइलीतून कार्ड ओढून घेतलं. मी तिला बाबांच्या हातातून काही ओढून घेताना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग ती साफेवाल्यांसमोर गेली आणि हात पुढे केला. "बाबूजी, बहू का कार्ड दीजिए." ते इतके गांगरले की त्यांनी कुडत्याच्या खिशातून घडी केलेलं कार्ड काढून मुकाट दिलं. परक्या बाईला नाही कसं म्हणायचं, हे त्यांना कुणी शिकवलेलं नसावं.

"अगं पण ऐक तर! आता तिकडे जाऊन वेळेत पोचणं शक्य नाही," बाबा म्हणाले. "शांतपणे अर्ज करू. पुढच्या वर्षी..."

आई तोवर धावत सुटली होती. एका हातात माझं मनगट, दुसऱ्यात त्या बाईचं. घुंगट घेऊन धावता येत नाही, म्हणून कोपरा वळल्याबरोबर त्या बाईने ते मागे टाकलं. आत विशीतली मुलगी होती, भेदरलेली, आणि मला आठवतं, कपाळाची बिंदी एका बाजूला सरकलेली.

पावणेसातला चुंगीवर बस आली. आईने कंडक्टरला विचारलं, ती सांगानेरी गेटपर्यंत जाणारी होती. तिथून आग्रा रोडची दुसरी पकडायची. बसमध्ये ती मुलगी सगळा वेळ कार्ड छातीशी धरून बसली होती, आई गाइडमधून तिला काहीतरी विचारत होती, आणि मला मात्र मागे राहिलेल्या बाबांची दया येत होती. लाज वाटते सांगायला, पण त्या वेळी मला वाटलं, आई उगाच तमाशा करतेय.

सांगानेरी गेटला उतरलो सात वाजून पाच मिनिटांनी. पेपर सुरू झाला होता. तिथेही घोळ होताच. गेट एक, पण त्या नावाचे थांबे रस्त्याच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांवर, कुठल्यावर कुठली बस थांबते ते पाटीवर लिहिलेलं नाही. पलीकडच्या कोपऱ्यात 'सांगानेर, सांगानेर' असा पुकारा चालला होता, ती बस पार दुसऱ्या दिशेला, सांगानेर गावाला जाणारी. मी तिकडे पळाले, नाव तर गेटचंच वाटत होतं. आईने मला मागे खेचलं. एका कोपऱ्यावर दोन बायका स्टीलचे डबे घेऊन उभ्या होत्या. आईने त्यांना थांबा विचारला नाही. "आप कहाँ उतरोगी?" एवढंच विचारलं. त्यातली एक म्हणाली, "ट्रान्सपोर्ट नगर." आई तिच्याशेजारी उभी राहिली. ट्रान्सपोर्ट नगर आग्रा रोडलाच. बस आली ती त्याच कोपऱ्यावर.

चुंगीच्या थांब्यावर उतरलो तेव्हा रस्त्यावर एकही परीक्षार्थी दिसत नव्हता, सगळे आत गेलेले. शाळा समोरच होती. फाटकाशी शिपाई हातातल्या घड्याळाकडे बघत उभा होता. सात वाजून सत्तावीस मिनिटं झाली होती. आईने त्या मुलीच्या हातातलं कार्ड घेऊन दोन्ही एकदमच त्याच्या हातात कोंबली. तो म्हणाला, "जल्दी करो बाईसा," आणि दोघी आत पळाल्या. पाण्याची बाटली माझ्याकडेच राहिली.

मी फाटकाबाहेरच्या कडुलिंबाखाली बसून राहिले. सव्वाआठच्या सुमाराला बाबा आणि साफेवाले गृहस्थ एका रिक्षातून उतरले. दोघं घामाघूम. नंतर कळलं, की त्यांनी वाटेत सात जणांना रस्ता विचारला होता. बाबांनी मला बघितलं आणि पहिला प्रश्न केला, "आत घेतलं?" मी हो म्हटलं. त्यांनी डोळे मिटले. त्यांना इतकं बरं वाटलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि ते आजही मला त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. त्यांना आईचं वाईट व्हावं असं कधीच वाटलं नाही. त्यांना फक्त आपण चुकू असं वाटलं नव्हतं.

दहाला घंटा झाली. आई बाहेर आली, बोटं शाईने भरलेली. त्या मुलीने घुंगट परत ओढलं होतं आणि ती पुन्हा चार हात मागून चालत होती.

"कसा गेला?" बाबांनी विचारलं.

"बरा," आई म्हणाली.

पुढचे सगळे पेपर तिने एकटीने जाऊन दिले. बाबा सोबत यायला तयार होते, ती नको म्हणाली.

निकाल लागला. आई पास झाली, थर्ड डिव्हिजनमध्ये. सेकंड हुकली ती अगदी थोडक्या गुणांनी. बाबांनी पेढे आणले, शेजारी वाटले. बी.एड.चा विषय पुन्हा निघाला नाही. आई घरी शिकवण्या घ्यायला लागली, सैन्यातल्या मराठी घरांमधली मुलं यायची, आणि त्यांना मराठी वाचायला शिकवण्यात तिची दुपार जायची.

चुंगीची गोष्ट मात्र घरोघर पोचली. बाबांनीच पोचवली. कुणाकडे हळदीकुंकू असो, गणपती असो, बाबा रंगात येऊन सांगायचे. कुलपासमोर दोन पुरुषांचं अधिवेशन, साफेवाल्यांचे आजोबा, सात जणांना विचारलेला रस्ता, सगळं. स्वतःवर हसायची त्यांना आता हातोटी आली होती. लोक पोट धरून हसायचे, मीही हसायचे, पुढे कॉलेजात मैत्रिणींना मीच ती साग्रसंगीत सांगायला लागले. आई चहाचे कप गोळा करत असायची.

जयपूरहून बदली व्हायच्या आधी एका घरी निरोपाचं जेवण होतं. बाबांनी पुन्हा ती गोष्ट लावली. शेवटाला आले, "आणि बरं का, इतकं करूनसुद्धा बाईसाहेब पास!" असं म्हणून त्यांनी टाळी घेतली. सगळे हसले. आई पोळी वाढत होती. ती बाबांच्या ताटाशी थांबली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली,

"पाचवा प्रश्न मला येत होता. वेळ उरला नाही."

मग तिने त्यांना पोळी वाढली आणि पुढच्या ताटाकडे गेली.